संशोधन पाठ : परीक्षा पाठाची, शिक्षकाची नव्हे

शाळेत कोणी वर्ग पाहावयास आले म्हणजे शिक्षकाच्या मनात प्रथम शेरेबही उभी राहते. आपल्याकडे वर्ग पाहणे आणि शिक्षक तपासणे या दोन गोष्टी फार जुन्या काळापासून एक होऊन बसल्या आहेत. पाहणारा मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसतो, शिक्षकाचा आवाज, फळ्यावरील अक्षर, टाचणवही आणि वर्गाची शिस्त पाहतो, चार ओळींचा शेरा लिहितो आणि निघून जातो. त्या तासात कोणत्या मुलाला काय कळले आणि कोठे अडले, याची नोंद त्या शेऱ्यात बहुधा नसते. याउलट, शिक्षकांनी एकत्र बसून एकच पाठ आखावा, एकाने तो शिकवावा, इतरांनी तो पाहावा, त्यावर चर्चा करून तो दुरुस्त करावा आणि पुन्हा शिकवावा, अशी एक पद्धत जगात आहे. तिच्यात तपासला जातो तो पाठ. शिक्षक तपासला जात नाही. ही पद्धत आपल्यासारख्या निवासी शाळेत का रुजवावी आणि ती रुजवताना नेमके काय सांभाळावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

या पद्धतीचे मूळ घर जपान. तेथे तिला 'जुग्यो केन्क्यू' म्हणतात. जुग्यो म्हणजे वर्गातील पाठ आणि केन्क्यू म्हणजे संशोधन. इतिहासाच्या अंगाने पाहिले तर तिची सुरुवात मेजी काळात सापडते. 1872 साली जपानने देशभरासाठी शिक्षणाचा कायदा केला आणि त्याच वर्षी टोकियो येथे शिक्षक घडविणारी नॉर्मल स्कूल सुरू केली. एका वेळी संपूर्ण वर्गाला कसे शिकवावे, हे दाखविण्यासाठी मॅरियन स्कॉट नावाच्या अमेरिकन शिक्षकाला तेथे नेमण्यात आले. नवी रीत शिकण्याचा मार्ग एकच होता. एकाने शिकवायचे, बाकीच्यांनी पाहायचे आणि नंतर त्यावर बोलायचे. आपल्याकडेही त्याच शतकात शिक्षक-प्रशिक्षणाच्या संस्था निघाल्या आणि त्यांतून सराव पाठांची प्रथा आली. डी.एड., बी.एड. केलेल्या प्रत्येकाला पाठाचे टाचण, निरीक्षक आणि पाठानंतरची टीका आठवत असेल. मात्र दोन देशांत एक फरक पडला. आपला सराव पाठ पदवी हाती पडताच संपला. जपानी शिक्षकाचा सराव पाठ नोकरीभर चालू राहिला आणि हळूहळू त्याचे रूपांतर शिक्षकांच्या सामुदायिक अभ्यासात झाले.

जपानबाहेरच्या जगाला ही गोष्ट प्रामुख्याने 1999 मध्ये कळली. जेम्स स्टिगलर आणि जेम्स हीबर्ट यांनी 'द टीचिंग गॅप' हे पुस्तक त्या वर्षी प्रसिद्ध केले. जर्मनी, जपान आणि अमेरिका या तीन देशांतील आठवीच्या गणिताच्या तासांचे चित्रीकरण करून केलेल्या अभ्यासावर ते आधारलेले आहे. त्यात माकोतो योशिदा या संशोधकाने 1990 नंतरच्या दशकात हिरोशिमा परिसरातील त्सुता प्राथमिक शाळेत जवळून पाहिलेल्या एका संपूर्ण आवर्तनाची हकिकत आली आहे. तेथील शिक्षकांनी निवडलेला पाठ अगदी साधा होता. पहिलीच्या मुलांना दहाच्या पुढील संख्येतून दशक फोडून वजाबाकी करण्याची ओळख करून द्यायची, एवढाच. ती वजाबाकी कोणत्या दोन संख्यांची असावी, यावर त्या शिक्षकांनी बराच वेळ चर्चा केली. वरवर पाहता हा वेळेचा अपव्यय वाटतो. कोणतेही उदाहरण घेतले तरी रीत तीच आहे, मग संख्या कोणत्याही का असेनात, असा प्रश्न मनात येतो.

परंतु थोडे खोल गेल्यावर त्या चर्चेचे कारण दिसते. बारातून सात वजा करायचे असतील तर मुलाला दोन वाटा आहेत. बाराचे दहा आणि दोन असे भाग करून दहातून सात काढावेत, उरलेल्या तीनमध्ये ते दोन मिळवावेत आणि पाच म्हणावे, ही पहिली वाट. सातचेच दोन आणि पाच असे भाग करावेत, बारातून आधी दोन काढून दहावर यावे आणि मग पाच काढावेत, ही दुसरी. बारा वजा सात घेतले तर दोन्ही वाटा सारख्याच सोप्या राहतात. तेरा वजा नऊ घेतले तर दहातून नऊ काढणे इतके सोपे आहे की बहुतेक मुले पहिल्या वाटेने वळण्याचा संभव वाढतो. अकरा वजा दोन घेतले तर दुसरी वाट समोर येते. म्हणजे संख्या निवडताना शिक्षक नकळत मुलाची वाटही निवडत असतो. ती निवड डोळसपणे करावी, म्हणून ती चर्चा होती.

आता हाच पाठ आपल्या शाळेसाठी आखून पाहू. सेनगाव तालुक्यातील आणि आसपासच्या गावांतून, वाड्यातांड्यांवरून पाचवीला आपल्या वसतिगृहात येणाऱ्या मुलांमध्ये काही मुले अशी असतात, की ज्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात. दुसरी-तिसरीच्या वर्षांतले काही महिने त्यांचे कारखान्याच्या फडावर गेलेले असतात. हातच्याची वजाबाकी शाळेत शिकवली गेली तेव्हा ती वर्गात असतीलच असे नाही. पाचवीत त्यांच्या वहीवर लाल फुली पडते. पुढे भागाकार, अपूर्णांक, व्याज यांच्या पायऱ्या याच एका पायरीवर उभ्या असल्याने ती फुली दहावीपर्यंत मागे लागते. म्हणून पाचवीत नव्याने दाखल झालेल्या मुलांसाठी दोन अंकी हातच्याची वजाबाकी, हा आपला संशोधन पाठ समजू.

आरंभी चार ते सहा शिक्षकांनी एकत्र बसावे. त्यांत गणिताचा शिक्षक असावाच, पण मराठीचा, इतिहासाचा आणि शक्य तर वसतिगृहाचे अधीक्षकही असावेत. पाठाचे उद्दिष्ट 'मुलाला वजाबाकी येणे' असे ढोबळ ठेवले तर पाहणाऱ्याला काय पाहावे हे कळत नाही. 'सुटे कमी पडले की दशक फोडावा लागतो, ही गरज मुलाला स्वतः जाणवणे' असे ते नेमके लिहिले, की पाठाला टोक येते. मग दुसरी-तिसरीची पाठ्यपुस्तके काढून हा भाग तेथे कसा मांडला आहे, 'उसना घेणे', 'हातचा' हे शब्द आपण कसे वापरतो आणि मूल ते कसे ऐकते, हे पाहावे.

येथे जपानचा पाठ जसाच्या तसा उचलता येत नाही, हेही ध्यानात येते. जपानी भाषेत बाराला 'जूनि' म्हणतात, म्हणजे शब्दशः दहा-दोन. त्रेपन्नला 'गोजूसान', म्हणजे पाच-दहा-तीन. तेथील मुलाच्या तोंडातच दशक सुटा दिसतो. आपल्या 'बारा' या शब्दात दहा दिसत नाहीत आणि 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी येतात, पन्नास नंतर. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस ऐवजी 'वीस एक' अशी वाचनाची रीत दिली गेली तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या वादात कोणाची बाजू योग्य होती, हा येथे प्रश्न नाही. अडचण खरी होती, एवढे मात्र मान्य करावे लागेल. म्हणून आपल्या पाठात संख्या नुसती तोंडी न सांगता फळ्यावर लिहूनही द्यावी, असे गटाने ठरवणे इष्ट. संख्यानामांचा गोंधळ हा वेगळ्या पाठाचा विषय आहे. एका संशोधन पाठात एकच प्रश्न धरला, तरच त्याचे उत्तर हाती येते.

त्यानंतर पाठाचे टाचण लिहावयाचे. आपल्या नेहमीच्या टाचणात शिक्षकाची कृती आणि विद्यार्थ्यांची कृती असे रकाने असतात. संशोधन पाठाच्या टाचणात चार रकाने करावेत. पहिल्यात शिक्षकाचा प्रश्न त्याच्या नेमक्या शब्दांत. दुसऱ्यात मुले काय काय उत्तरे देतील याचा अंदाज, त्यात चुकीची उत्तरे आवर्जून. तिसऱ्यात प्रत्येक उत्तराला शिक्षकाने काय म्हणावे. चौथ्यात उद्दिष्ट साधले की नाही हे कशावरून ओळखावे. या चार रकान्यांत दुसरा रकाना हा पाठाचा प्राण आहे. मूल कोणत्या वाटेने चुकेल हे आधी लिहिता आले नाही, तर पाठ मुलाच्या बाजूने विचारात घेतलेलाच नाही, असे खुशाल समजावे.

गटाने उदाहरण घेतले असे समजा : भोजनगृहात 52 ताटे आहेत, 17 ताटे वाढून झाली, किती उरली? दोन-दोन मुलांच्या जोडीपुढे ताटांच्या ऐवजी 52 काड्या ठेवायच्या. बरोबर उत्तर 35. चुकीचे सर्वांत संभवनीय उत्तर 45. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल सातातून दोन काढते, पाच लिहिते आणि पाचातून एक जाऊन चार. ही चूक जगभर आढळते. मूल उभी मांडणी पाहते, वरचा अंक आणि खालचा अंक असा भेद न करता मोठ्यातून लहान काढते. गटाने टाचणाच्या दुसऱ्या रकान्यात '45' असे लिहिले आणि पाठ सिद्ध झाला.

पाठाच्या दिवशी पाहणाऱ्यांनी कोठे उभे राहावे, यालाही महत्त्व आहे. मागे बसले तर मुलांच्या पाठी आणि शिक्षकाचा चेहरा दिसतो. म्हणून बाजूने, मुलांची वही आणि हात दिसतील असे उभे राहावे. प्रत्येक निरीक्षकाकडे दोन किंवा तीनच मुले ठरवून द्यावीत. त्यांत एखादे तरी असे असावे, की जे कधी हात वर करीत नाही. निरीक्षकाने वेळेसह लिहावे : किती वाजून किती मिनिटांनी मुलाने काय लिहिले, काय खोडले, कोणाच्या वहीत पाहिले. मुलाला मदत करू नये, मान हलवूनही होकार देऊ नये. मदत केली तर त्या क्षणापासून आपण पाठ पाहत नाही, शिकवू लागतो, आणि पाठाविषयीचा पुरावा हातचा जातो.

माझ्यासारख्या इतिहासाच्या शिक्षकाला येथे एक ओळखीची शिस्त दिसते. इतिहासात साधन आणि त्याचा अर्थ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. 'मुलाला समजले नाही' हा अर्थ झाला. 'मुलाने 45 लिहिले, खोडले, पुन्हा 45 लिहिले' हे साधन झाले. निरीक्षकाच्या कागदावर आधी साधने यावीत, अर्थ चर्चेत लावावा. या कामाला त्या विषयाचा तज्ज्ञच हवा असे नाही. उलट गणित न शिकवणारा शिक्षक मुलाचे उत्तर मनात दुरुस्त करण्याची घाई करीत नाही, म्हणून तो पुष्कळदा अधिक चांगला पाहतो.

पाठानंतर त्याच दिवशी चर्चा व्हावी. प्रथम शिकवणाऱ्याने बोलावे. टाचणाप्रमाणे काय झाले, काय वेगळे झाले, एवढेच त्याने सांगावे. मग निरीक्षकांनी आपापल्या मुलांची नोंद वाचावी. 'तुम्ही' हा शब्द टाळून 'आपला पाठ' असे म्हणावे, कारण तो पाठ सर्वांनी मिळून लिहिलेला आहे. अखेरीस, शक्य असल्यास, बाहेरच्या जाणकाराने बोलावे. जपानमध्ये यासाठी विषयाचा अभ्यासक बोलावतात आणि तो सर्वांच्या शेवटी बोलतो. आधी बोलला तर बाकीचे त्याचीच री ओढतात, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको.

आता 45 या उत्तरावर चर्चा सुरू झाली असे समजा. एक निरीक्षक म्हणतो, मुलाने सातातून दोन काढले. दुसरा म्हणतो, तसे नाही, त्याने दशक उसना घेतला, बारातून सात काढून पाच लिहिले, पण पाच दशकांतून एक दशक गेला हे विसरला आणि पाचातून एक काढून चार लिहिले. दोघेही बरोबर असू शकतात, कारण दोन्ही वाटांनी उत्तर 45 च येते. सात वजा दोन पाच, आणि बारा वजा सातही पाच. निरीक्षकाने मुलाचा हात पाहिला नसेल आणि नुसती वही उचलली असेल, तर या दोन मुलांत फरक करण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. साधन एक, अर्थ दोन.

आणि हा फरक किरकोळ नाही. पहिल्या मुलाला दशक फोडण्याची गरजच भासलेली नाही. त्याच्यापुढे दोन सुट्या काड्या ठेवून सात मागाव्या लागतील. दुसऱ्या मुलाला दशक फोडता येतो, फक्त फोडलेल्या दशकाचा हिशेब राहत नाही. त्याला उरलेले गठ्ठे मोजायला लावले की पुरे. दोघांच्या वहीवर फुली एकच, पण औषध वेगळे. पहिल्याला दुसऱ्याचे औषध दिले तर तो आणखी गोंधळेल, आणि दुसऱ्याला पहिल्याचे दिले तर त्याला जे येते तेच पुन्हा शिकवले जाईल. वर्षानुवर्षे 'कच्चे' म्हणून मागे बसवलेल्या पुष्कळ मुलांच्या बाबतीत असेच घडत असणार.

यावर उपाय भलताच सोपा आहे. 52 च्या जागी 53 घ्यावे. 53 वजा 17 चे बरोबर उत्तर 36. मोठ्यातून लहान काढणारे मूल सातातून तीन काढून चार लिहील आणि त्याचे उत्तर 44 येईल. दशक घेऊन विसरणारे मूल तेरातून सात काढून सहा लिहील आणि त्याचे उत्तर 46 येईल. उत्तर पाहताच वाट कळेल. नियम असा निघतो, की वजाबाकीच्या उदाहरणात एककांच्या अंकांतील फरक पाच असू नये. तो पाच असला की दोन निराळ्या चुका एकाच उत्तराखाली लपतात. हा नियम कोणत्याही शासन निर्णयात सापडणार नाही. तो एका पाठाभोवती बसलेल्या शिक्षकांनाच सापडतो, आणि एकदा सापडला की पुढे चाचणीचे प्रश्न काढतानाही कामी येतो.

दुसरी दुरुस्ती काड्यांची. 52 सुट्या काड्या दिल्या तर बरीच मुले त्यांतून 17 मोजून बाजूला काढतील आणि उरलेल्या एकेक मोजून 35 सांगतील. उत्तर बरोबर, पण दशकाचा विचार कोठेही झालेला नाही, आणि आपले उद्दिष्ट तर तेच होते. बरोबर उत्तराने शिक्षकाची सर्वांत अधिक फसगत होते. म्हणून दुसऱ्या फेरीत दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे रबराने घट्ट बांधून द्यावेत आणि तीन काड्या सुट्या ठेवाव्यात. आता एक गठ्ठा बाजूला ठेवल्यावर मुलाला आणखी सात काड्या हव्यात आणि हाती सुट्या तीनच आहेत. येथे त्याचा हात थांबतो. निरीक्षकाने टिपावयाचा क्षण हाच. कोणी गठ्ठा उचलून पुन्हा खाली ठेवेल, कोणी शेजाऱ्याकडे पाहील, आणि एखादे मूल विचारील, "सर, गठ्ठा सोडू का?" या प्रश्नात पाठाचे उद्दिष्ट पूर्ण झालेले असते. शिक्षकाने 'हो, सोड' असे म्हणण्यापेक्षा 'का सोडावासा वाटला?' असे विचारावे, हे तिसऱ्या रकान्यात आधीच लिहून ठेवावे.

तिसरी दुरुस्ती फळ्याची. 36, 44 आणि 46 ही तिन्ही उत्तरे, त्यांच्या मांडणीसह, फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत आणि तास संपेपर्यंत पुसू नयेत. कोणते बरोबर हे शिक्षकाने लगेच सांगू नये. ज्याने त्याने आपले उत्तर काड्यांनी पटवून द्यावे. उत्तरे एकत्र घेऊन वर्गाने त्यांवर विचार करण्याच्या या भागाला जपानी शिक्षक 'नेरिआगे' म्हणतात. त्या शब्दात मळून मळून घडवण्याचा भाव आहे. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात या भागासाठी निदान पंधरा मिनिटे राखून ठेवावी लागतात. ती राहिली नाहीत, तर तीनऐवजी एकच उदाहरण घ्यावे, पण चर्चा सोडू नये.

दुरुस्त केलेला पाठ दुसऱ्या शिक्षकाने दुसऱ्या मुलांना शिकवावा. त्याच मुलांना तोच पाठ पुन्हा दिला तर उत्तरे आधीच माहीत असल्याने काहीच कळत नाही. पाचवीची एकच तुकडी असलेल्या शाळेने केंद्रातील शेजारच्या शाळेशी बोलून तेथे दुसरी फेरी घ्यावी. महिन्याला भरणाऱ्या शिक्षण परिषदेचा यापेक्षा चांगला उपयोग मला तरी दिसत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. आखणीच्या तीन-चार बैठका, दोन पाठ आणि दोन चर्चा एवढे एक आवर्तन त्या तासांत सहज बसते, आणि वर्षाला अशी दोन आवर्तने पुरेशी आहेत. इतर वर्गांचे काय, या प्रश्नाचे उत्तर निवासी शाळेला तुलनेने सोपे आहे. संध्याकाळच्या अभ्यासिकेच्या वेळात बैठका घेता येतात, आणि पाठाच्या एका तासापुरते दोन वर्ग अधीक्षकांच्या देखरेखीखाली एकत्र बसवता येतात.

ही पद्धत बिघडते कशी, हेही सांगितले पाहिजे. पहिला बिघाड म्हणजे पाठाची तालीम. पाहुणे येणार म्हणून मुलांकडून आधी उत्तरे घोटून घेतली, की पाठ स्नेहसंमेलनातील नाटकासारखा होतो. मुले प्रश्न पूर्ण होण्याआधी उत्तर देऊ लागली आणि एकही चूक फळ्यावर आली नाही, तर तालीम झाली असे ओळखावे. दुसरा बिघाड कौतुकाचा. चर्चेत सगळ्यांनी 'छान झाला' म्हटले आणि दुसरे टाचण पहिल्यासारखेच निघाले, तर आवर्तन झालेच नाही. तिसरा बिघाड सर्वांत घातक. निरीक्षकांच्या नोंदी गोपनीय अहवालासाठी वापरल्या गेल्या, की त्या दिवसापासून कोणीही आपला खरा वर्ग उघडा करणार नाही. म्हणून त्या नोंदी शिक्षकांच्या गटातच राहाव्यात, आणि त्यांत मुलाच्या कृती असाव्यात, शिक्षकाचे गुण नसावेत, असा ठराव मुख्याध्यापकांनी आधीच करून द्यावा.

ही पद्धत हमखास फळ देते, असे म्हणता येणार नाही. इंग्लंडमध्ये मोठ्या प्रमाणावर शाळांत तिचा प्रयोग केला गेला आणि 2017 मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मुलांच्या गुणांत सुधारणा झाल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. त्याच वर्षी अमेरिकेत कॅथरिन लुईस आणि रेबेका पेरी यांनी अपूर्णांकांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मात्र मुलांच्या ज्ञानात वाढ दिसली. या दुसऱ्या प्रयोगात शिक्षकांच्या गटांना अपूर्णांकांविषयीचे अभ्याससाहित्य हाती दिलेले होते. दोन प्रयोग दोन देशांतले आहेत आणि त्यांची तुलना सरळ करता येत नाही. तरीही माझे मत असे, की नुसते एकत्र बसल्याने पाठ सुधारत नाही. एकत्र बसून विषयाच्या पोटात शिरावे लागते. 52 की 53, सुट्या काड्या की बांधलेले गठ्ठे, अशा प्रश्नांपर्यंत चर्चा पोहोचली नाही, तर ती बैठक इतर बैठकांसारखीच एक होऊन राहते.

पाचवीतल्या ज्या मुलाच्या वहीत 44 आले, त्याचे नाव एका शिक्षकाच्या कागदावर वेळेसह नोंदले गेले आहे आणि त्याला उद्या काय द्यायचे हे पाच शिक्षकांना ठाऊक आहे, अशी स्थिती आपल्या शाळेत आणता येईल. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. काड्यांचे गठ्ठे, चार रकान्यांचा एक कागद आणि सहकाऱ्यासाठी उघडे ठेवलेले वर्गाचे दार एवढे पुरते. येत्या सत्राच्या पहिल्याच महिन्यात, नव्या मुलांच्या वह्या हाती आल्याबरोबर, या पाठापासून आरंभ व्हावा.